कोसाइनचा छोटा तुकडा आणि त्याची दोन शिखरे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावर सगळीकडे एकच उदाहरण वापरले आहे. १००० हर्ट्झची कोसाइन लहर, पण फक्त १० मिलिसेकंद वाजलेली. त्याआधी शून्य, त्यानंतरही शून्य. म्हणजे बरोबर १० आवर्तनांचा एक तुकडा. वाहक वारंवारतेला `f0` आणि तुकड्याच्या पूर्ण लांबीला `T` म्हटले आहे, आणि काळाचे शून्य तुकड्याच्या मधोमध धरले आहे. या तुकड्याचे फूरिये रूपांतर असे येते:

```
X(f) = (T/2) [ sinc((f - f0)T) + sinc((f + f0)T) ]
sinc(x) = sin(πx) / (πx)
```

लहर तर १००० हर्ट्झचीच आहे, मग रूपांतरात एकच बारीक रेघ का येत नाही?

कारण १००० हर्ट्झची शुद्ध लहर म्हणजे अनादी काळापासून चालू असलेली आणि कधीच न थांबणारी लहर. आपली लहर सुरू झाली आणि थांबली. तिला कापणारी जी चौकट आहे, तिचाही वर्णपटात वाटा असतो.

चौकट म्हणजे १० मिलिसेकंद १ आणि एरवी ०. तिचे रूपांतर शून्य वारंवारतेभोवती बसलेला सिंक आकार असतो. अखंड कोसाइनचे रूपांतर म्हणजे +१००० आणि −१००० वर उभ्या असलेल्या दोन सुया. काळात आपण या दोघांचा गुणाकार केला, म्हणून वारंवारतेत त्यांचे संवलन होते. सुईशी संवलन म्हणजे आकार उचलून त्या सुईच्या जागी नेऊन ठेवणे, एवढेच. दोन सुया असल्यामुळे सिंकच्या दोन प्रती होतात, आणि कोसाइनची उंची दोन सुयांत निम्मी निम्मी वाटलेली असल्यामुळे प्रत्येक प्रतीची उंची `T/2`. आपल्या उदाहरणात ०.००५.

ऋण वारंवारता हे काय प्रकरण आहे? उणे १००० वेळा कोण थरथरतो?

कोणी नाही. ऋण चिन्ह दिशेचे आहे. फूरिये रूपांतर लहरींची तुलना वर-खाली होणाऱ्या रेषेशी करत नाही, वर्तुळात फिरणाऱ्या काट्याशी करते. काटा घड्याळाच्या उलट दिशेने फिरला तर धन, घड्याळाच्या दिशेने फिरला तर ऋण. एकमेकांविरुद्ध फिरणारे दोन सारखे काटे बेरजेला घेतले, की त्यांचे आडवे भाग एकमेकांत मिळतात, उभे भाग एकमेकांना खोडतात, आणि उरतो तो कोसाइन. त्यामुळे वास्तव लहरीत दोन्ही काटे असतातच. अर्धा वर्णपट झाकून ठेवणारी यंत्रे फक्त उजवी बाजू दाखवतात म्हणून डावी बाजू नाहीशी होत नाही. पुढे एका प्रश्नात ती चांगलीच आडवी येणार आहे.

सिंकची शून्ये नेमकी १०० हर्ट्झच्या अंतरानेच का येतात?

सूत्रात पाहिले तर `(f - f0)T` शून्य सोडून कोणताही पूर्णांक झाला की शून्य, आणि `1/T` म्हणजे १०० हर्ट्झ. पण सूत्र बाजूला ठेवून बघितले तर हे डोळ्यांपुढे उभे राहते.

समजा, तुम्ही या तुकड्यात ११०० हर्ट्झ किती आहे ते विचारत आहात. त्यासाठी तुकड्याला ११०० हर्ट्झच्या लहरीने गुणायचे आणि १० मिलिसेकंदांवर बेरीज घ्यायची. दोन लहरींच्या गुणाकारात त्यांच्या फरकाची वारंवारता निर्माण होते, इथे १०० हर्ट्झ. (बेरजेचीही होते, २१०० हर्ट्झ. तिची १० मिलिसेकंदांत बरोबर २१ आवर्तने होतात आणि ती इथे स्वतःच शून्य होते.) १०० हर्ट्झचे १० मिलिसेकंदांत बरोबर एक आवर्तन होते. जितके वर तितकेच खाली, बेरीज शून्य. म्हणून ११०० वर शून्य. १२०० वर फरकाची दोन आवर्तने, पुन्हा शून्य.

आता ११५० विचारा. फरक १५० हर्ट्झ, म्हणजे दीड आवर्तन. त्यातले एक आवर्तन आपसात खोडले जाते आणि अर्धे उरते. ते उरलेले अर्धे म्हणजेच बाजूचा उंचवटा. तीन अर्ध्यांपैकी एकच उरल्यामुळे त्याचा आकार एक तृतीयांश गुणिले `2/π`, म्हणजे मुख्य शिखराच्या सुमारे २१ टक्के, आणि चिन्ह उलटे. नेमका उच्चांक ११४३ हर्ट्झच्या आसपास असतो आणि तिथे आकार २१.७ टक्के, म्हणजे मुख्य शिखरापेक्षा १३.३ डेसिबल खाली. तुकडा कितीही लांब घेतला तरी हा आकडा हलत नाही. लांबीने सिंक अरुंद होतो, पण त्याची घडण तीच राहते.

मुख्य शिखराची रुंदी किती धरायची? प्रत्येक पुस्तकात वेगळी दिसते.

तीन वेगवेगळ्या गोष्टींना रुंदी म्हणतात, म्हणून. एका शून्यापासून दुसऱ्या शून्यापर्यंत `2/T`, इथे २०० हर्ट्झ. शक्ती निम्मी होते त्या दोन बिंदूंमध्ये सुमारे `0.886/T`, इथे ८८.६ हर्ट्झ. आणि घाईत बोलताना लोक नुसतेच `1/T` म्हणतात. कोणती रुंदी ते सांगितल्याशिवाय आकडा सांगू नये.

आणखी एक सापळा: काही ठिकाणी तुकडा `-T` पासून `T` पर्यंत धरलेला असतो. मग पूर्ण लांबी `2T` होते आणि सगळीच उत्तरे दोनाच्या पटीने बदलतात. सिंकच्याही दोन व्याख्या प्रचलित आहेत, `π` आत असलेली आणि नसलेली. नमपायचे `np.sinc` `π` आत घेते. गणित जुळत नसेल तर मी तरी सगळ्यात आधी या दोन जागा तपासतो, आणि बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो.

संगणकावर एफएफटी काढले तर १००० वर एकच रेघ दिसली. सिंक कुठे गेला?

तो तिथेच आहे, तुम्ही नेमके त्याच्या शून्यांवर पाय ठेवत चाललात. ४८००० नमुने दर सेकंदाला घेतले तर १० मिलिसेकंदांत ४८० नमुने येतात. ४८० बिंदूंचे एफएफटी वर्णपटाकडे फक्त १०० हर्ट्झच्या टप्प्यांवर बघते: ९००, १०००, ११००. सिंकची शून्येही तिथेच. मुख्य शिखराचा माथा तेवढा सापडतो, बाकी सगळे शून्य.

मागे शून्ये जोडून एफएफटी लांबवले की टप्पे जवळ येतात आणि वक्र दिसू लागतो:

```python
import numpy as np
fs, f0, T = 48000, 1000, 0.010
n = round(T*fs)
t = np.arange(n)/fs
x = np.cos(2*np.pi*f0*t)
N = 480000
X = np.abs(np.fft.rfft(x, N))/fs
f = np.fft.rfftfreq(N, 1/fs)
print(f[X.argmax()], X.max())
```

इथे टप्पा ०.१ हर्ट्झ आहे. `fs` ने भागले आहे ते बेरजेचे समाकलन व्हावे म्हणून. ते न केल्यास उंची ०.००५ ऐवजी २४० येईल आणि तुम्ही विनाकारण डोके खाजवाल.

जोडलेल्या शून्यांनी नवी माहिती येत नाही, हे मात्र पक्के ध्यानात असू द्या. शिखर अरुंद होत नाही. १००० आणि १०४० हर्ट्झच्या दोन लहरी एकाच १० मिलिसेकंदांत असतील, तर कितीही शून्ये जोडली तरी दोन माथे वेगळे दिसतील याची हमी नाही. त्यासाठी लांब तुकडाच हवा.

उलट बाजूही पाहून ठेवा. वाहक १०५० हर्ट्झ केला आणि शून्ये जोडली नाहीत, तर एफएफटीचे टप्पे माथ्याच्या दोन्ही अंगांना पडतात, आणि १००० व ११०० या दोन्ही रेघा खऱ्या उंचीच्या साधारण ६४ टक्क्यांवर दिसतात. लहर तेवढ्याच जोरात वाजते आहे, बघण्याची जागा चुकली आहे.

वरचा प्रोग्रॅम चालवला. माथा १००० वर नाही, १००१.५ च्या जवळ आला. प्रोग्रॅम चुकला का?

नाही. हाच या पानावरचा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे, आणि यासाठीच मघाशी ऋण वारंवारतेला हद्दपार करू नका म्हटले.

−१००० वरच्या सिंकला शेपटी आहे, आणि ती थेट +१००० पर्यंत आणि त्याच्याही पुढे पोहोचते. वर्णपट म्हणजे दोन सिंकची बेरीज, त्यामुळे उजव्या शिखराखाली डाव्याची शेपटी सतत वळवळत असते. आवर्तने पूर्ण असतील तर ही शेपटी नेमक्या १००० वर शून्यातून जाते, म्हणून तिथली उंची बरोबर `T/2` राहते. पण शून्यातून जाताना ती वर चढत असते. माथा म्हणजे सपाट जागा. सपाट जागेवर किंचित चढ टाकला की सर्वोच्च बिंदू चढाच्या दिशेने सरकतो.

किती सरकतो ते काढता येते. तुकड्यात `N` आवर्तने असतील, म्हणजे `N = f0·T`, तर `1/T` च्या मापात शेपटीचा उतार `1/(2N)` असतो आणि सिंकच्या माथ्याची वक्रता `π²/3`, म्हणजे ३.२९. भागाकार केला की सरकणे येते. ते वाहकाच्या तुलनेत मांडले तर साधारण `0.15/N²`. दहा आवर्तनांना ०.१५ टक्के, १००० हर्ट्झवर दीड हर्ट्झ. प्रोग्रॅमने तेच दाखवले.

दीड हर्ट्झने काय बिघडते?

दहा आवर्तनांना काहीच नाही. पण सूत्रात `N` चा वर्ग खाली आहे. आवर्तने कमी केली की हा प्रकार झपाट्याने वाढतो.

त्याच १००० हर्ट्झचे एकच आवर्तन घ्या, १ मिलिसेकंद. आता दोन शिखरे इतकी रुंद आहेत की प्रत्येकाचा पहिला शून्यबिंदू शून्य वारंवारतेवरच येतो. वरचे अंदाजी सूत्र इथे थोडे ढिले पडते, म्हणून दोन सिंकची बेरीज सरळ करून टाकू. `u = fT` धरले तर:

```
X = T · u sin(πu) / ( π (1 - u²) )
```

यात `u` च्या किमती घालत गेलात की माथा `u` = १.१२६ च्या जवळ सापडतो. म्हणजे १००० हर्ट्झच्या लहरीच्या वर्णपटाचे शिखर सुमारे ११२६ हर्ट्झवर! उंचीही `T/2` पेक्षा तीन टक्क्यांनी जास्त.

आता कोसाइनच्या जागी साइनचे एक आवर्तन ठेवा. लांबी तीच, वाहक तोच, फक्त सुरुवात शून्यातून. साइनमध्ये दोन सिंकची बेरीज नाही, वजाबाकी होते:

```
|X| = T · | sin(πu) / ( π (1 - u²) ) |
```

वरचा एक `u` तेवढा गेला. माथा मात्र ०.८३७ वर, म्हणजे ८३७ हर्ट्झला येतो. एकाच वाहकाचे दोन तुकडे, आणि शिखरांत जवळजवळ २९० हर्ट्झचे अंतर.

कारण तुकड्याच्या कडांकडे बघितले की कळते. कोसाइनचा तुकडा कडेला धाडकन तुटतो, शून्यावरून एकदम पूर्ण उंचीवर. अशा उडीला उंच वारंवारता लागतात, म्हणून वजन वर झुकते. साइनचा तुकडा शून्यातून निघतो आणि शून्यात विरतो. उडी नाही, फक्त कोपरा आहे. दूरच्या वारंवारतांवर कोसाइनचा वर्णपट `1/f` ने उतरतो, साइनचा `1/f²` ने. सूत्रांतला तो एक `u` हेच सांगतो.

मी हे पुस्तकातून शिकलो नाही. ४० किलोहर्ट्झच्या साइन तुकड्याची तीन आवर्तने पाठवत होतो आणि पडद्यावर शिखर ३९.३ किलोहर्ट्झला दिसत होते. अख्खी दुपार लहर निर्माण करणाऱ्या यंत्रावर संशय घेण्यात गेली. तिसऱ्या पेल्याच्या चहानंतर आवर्तने तिसांवर नेली आणि शिखर गुमान ४० वर येऊन बसले. तीच कसोटी आजही वापरतो: आवर्तने वाढवल्यावर सरकणे नाहीसे झाले, तर दोष यंत्राचा नाही, शेपटीचा आहे.

मग दोन स्वतंत्र शिखरे असे चित्र कधी विश्वासाने काढावे?

शिखराजवळ दुसऱ्याच्या शेपटीचा आकार जास्तीत जास्त `1/(2πN)` च्या आसपास असतो. एका आवर्तनाला १६ टक्के, दहांना १.६ टक्के, शंभरांना ०.१६ टक्के. तुमच्या कामाला किती चूक चालते ते तुम्हीच ठरवा. माझ्यापुरते, दहाच्या वर मी शिखरे वेगळी धरतो आणि पाचाच्या खाली बेरीज केल्याशिवाय बोलत नाही. मधल्या पट्ट्यात मूड बघून.

लक्षात घ्या की इथे मिलिसेकंद किंवा हर्ट्झ सुटे सुटे महत्त्वाचे नाहीत. १ मायक्रोसेकंदाचा रडारचा स्पंद फार छोटा वाटतो, पण वाहक १ गिगाहर्ट्झ असेल तर त्यात हजार आवर्तने आहेत आणि शिखरे एकमेकांना ओळखतही नाहीत.

आवर्तने पूर्ण नसतील तर?

मग, नेमके अर्धे आवर्तन उरले असेल तर तेवढे सोडून, शेपटी वाहकावर शून्यातून जात नाही, आणि शिखराची उंचीही हलते. शिवाय शून्य वारंवारतेवर काहीतरी उरते. तिथली किंमत म्हणजे तुकड्याचे निव्वळ क्षेत्रफळ, `T·sinc(N)`. दीड आवर्तनांना ती `T` च्या २१ टक्के आहे, चिन्ह ऋण. तुकडा पाठवल्यावर पुढच्या भागात स्थिर विद्युतदाब साचताना दिसला, तर अर्धवट आवर्तन तपासा.

तुकडा मध्यावर न ठेवता शून्यापासून सुरू केला तर शिखरे हलतात का?

नाहीत. अख्खा तुकडा उशिरा आला तर फक्त कला बदलते, वारंवारतेच्या प्रमाणात. आकार तोच राहतो. मात्र चौकट जागेवर ठेवून आतली लहर सरकवली, तर तो कोसाइनकडून साइनकडे जाणारा रस्ता आहे, आणि वर पाहिलेला ८३७ ते ११२६ चा सगळा खेळ त्याच रस्त्यावर होतो. या दोन सरकण्यांत गल्लत करू नका.

ऊर्जेचा हिशोब जुळतो का?

जुळतो, आणि हाताने करून बघण्याजोगा आहे. काळात: `cos²` ची सरासरी अर्धी, म्हणून पूर्ण आवर्तनांच्या तुकड्याची ऊर्जा `T/2`. वारंवारतेत: एका शिखराचा वर्ग `T²/4` गुणिले `sinc²`, आणि `sinc²` खालचे क्षेत्रफळ `1/T`, म्हणजे `T/4`. दोन शिखरांचे `T/2`. राहिला दोन शिखरांच्या गुणाकाराचा भाग. त्याचे क्षेत्रफळ `sinc(2N)` च्या प्रमाणात असते आणि पूर्ण आवर्तनांना शून्य होते. शिखरे एकमेकांवर चढलेली असूनही हिशोबात एका पैचा फरक नाही. एका शिखराच्या ऊर्जेपैकी सुमारे ९० टक्के मुख्य शिखरात, पहिल्या दोन शून्यांच्या मध्ये असते.

बाजूचे उंचवटे नको असतील तर काय करावे?

कडा मऊ करा. सिंकचे उंचवटे धाडकन कापण्यामुळे आलेले आहेत. चौकटीऐवजी हान विंडो लावली, म्हणजे तुकडा हळूच चढत नेऊन हळूच उतरवला, तर पहिला उंचवटा १३ ऐवजी साधारण ३१.५ डेसिबल खाली जातो आणि पुढचे फार वेगाने विरतात. बदल्यात मुख्य शिखर शून्यापासून शून्यापर्यंत `2/T` ऐवजी `4/T` रुंद होते आणि त्याची उंची निम्मी होते. दूरची शेपटी खचल्यामुळे डाव्या शिखराची लुडबुडही आपोआप कमी होते.

मोर्स पाठवणाऱ्या रेडिओवाल्यांना हे जुने ठाऊक आहे. कळ दाबताच वाहक एकदम पूर्ण जोरात सुरू झाला, तर शेजारच्या वारंवारतांवर ऐकणाऱ्याच्या कानात टक्-टक् होते. ती टकटक म्हणजे या सिंकचे दूरचे उंचवटे. म्हणून प्रेषकात प्रत्येक ठिपका आणि रेघ काही मिलिसेकंदांत चढवून उतरवली जाते.

डेसिबलच्या आलेखात उंचवट्यांची चिन्हे दिसत नाहीत, ती गेली कुठे?

निरपेक्ष किंमत घेताना गेली. आलेखात सगळे डोंगर वरच्या बाजूला दिसतात, पण मूळ बेरजेत एक आड एक खाली आहेत. दोन सिंक आपापले निरपेक्ष करून मग मिळवले तर उत्तर चुकते. आधी चिन्हांसकट बेरीज, मग निरपेक्ष किंमत. एका आवर्तनावर हे करून बघा. ठीक शून्य वारंवारतेवर दोन्ही पद्धतींत शून्यच येते, पण चुकीच्या पद्धतीत कोसाइन आणि साइन दोघांचा वक्र एकच होतो, त्यात ८३७ आणि ११२६ हर्ट्झ दोन्हीकडे माथे दिसतात, आणि कोसाइनचे शिखर वर व साइनचे खाली का गेले याचे उत्तर कधीच सापडत नाही.